रजेवर न गेलेला आवाज

ही गोष्ट अमावास्येची नाही आणि मध्यरात्रीचीही नाही. कुणी दिवा मोठा करायची गरज नाही. एस.टी. स्टँडवर दिवेलागणीला, चारचौघांत घडली, आणि घडत होती तेव्हा शेजारी शेंगा विकणं चालूच होतं. गावाचं नाव सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यातलंच आहे, पण स्थानकप्रमुख अजून नोकरीत आहेत आणि त्यांना निवृत्तीआधी कुठलाही खुलासा करायची इच्छा नाही.

गौरीशंकर वाहतूक नियंत्रक. स्टँडवर काचेमागे बसून गाड्यांच्या वेळा नोंदवणारा, वाहकांच्या कागदांवर सह्या करणारा आणि माइकवरून गाड्या पुकारणारा जो माणूस असतो, तो. पुकारणारे पुष्कळ असतात, गौरीशंकरसारखा पुकारणारा मात्र दुसरा नव्हता. तो "तुळजापूरमार्गे सोलापूरला जाणारी गाडी" असं म्हणाला की सोलापुरात काही काम नसलेल्या माणसालाही उठून बसावंसं वाटे. खर्जातला, भरलेला, घाई नसलेला आवाज. त्याची बायको शामला जळकोटची. कॉलेजात असताना ती या स्टँडवरून गावी जायची, आणि चेहरा दिसायच्या कितीतरी आधी तिने तो आवाज ऐकला होता. पुढे पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाने "बसा ना" म्हटल्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली. होकार तिथेच झाला, बाकीचं चहापाणी.

त्याच घशात गाठ निघाली. तंबाखूला न शिवलेल्या माणसाच्या. बार्शीला ऑपरेशन झालं, एका बाजूची स्वरपट्टी काढली, मग विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, झालं. माणूस वाचला, आवाज गेला. म्हणजे अगदीच गेला नाही. दुसरी पट्टी बिचारी एकटीच पुढे सरकून व्रणाला भिडायचा प्रयत्न करी, मधल्या फटीतून वारा निघून जाई, आणि जे उरे ते वाळल्या पानांवरून कुणी चालत गेल्यासारखं ऐकू येई.

रजा वाढत गेली. आधी अर्जित, मग आजारपणाची, मग नुसती रजा. शेवटी एके सकाळी तो जिल्हा रुग्णालयाचा फिटनेसचा दाखला घेऊन रुजू व्हायला निघाला. दाखल्यावर लिहिलं होतं, 'कामावर रुजू होण्यास योग्य. आवाजाचा अतिवापर टाळावा.' पुकारणाऱ्याला हे असं लिहून देणं म्हणजे चालकाला स्टिअरिंगचा अतिवापर टाळायला सांगणं. पण सरकारी दाखल्यावर हसायची पद्धत नाही.

शामलाने त्याच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला. घशावरची खूण झाकली जावी म्हणून. ऊन चटके देत होतं.

"पाण्याची बाटली ठेवलीय पिशवीत. घोट घोट घ्या."

त्याने मान हलवली.

"आणि कुजबुजू नका. कुजबुजल्यानं जास्त ताण येतो म्हणल्यात बाई."

बाई म्हणजे आवाजाचे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण. ती हेही म्हणाली होती की माइक हा तुमचा शत्रू नाही, मित्र आहे, फक्त त्याच्याशी नव्यानं दोस्ती करावी लागेल. हे वाक्य गौरीशंकरने ऐकलं होतं, मनावर घेतलं नव्हतं.

स्थानकप्रमुख वसंतराव दारापर्यंत आले. आजवर ते मुख्यमंत्र्यांच्या गाडीलाही दारापर्यंत गेलेले नव्हते.

"या, गौरीशंकरराव, या. कसं... वाटतंय... आता?" ते इतक्या मोठ्याने आणि इतक्या सावकाश बोलले, की फलाटावरची दोन माणसं वळून बघायला लागली. घसा बिघडलेला माणूस बहिरा असतो, असं स्टँडवरच्या सगळ्यांनी एकमताने ठरवलेलं दिसत होतं.

"बरं आहे," गौरीशंकर म्हणाला. तो आवाज ऐकून वसंतरावांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्यांनी लगेच रुमालाने पुसलं.

त्याची खुर्ची काचेजवळून हलली होती. तिथे कुलदीप बसत होता. कामाला चोख पोरगा, गौरीशंकरनेच त्याला माइक धरायला शिकवलेलं. तो ताडकन उठला. "अण्णा, बसा की इथं."

"अरे, असू दे."

"न्हाय न्हाय, तुमचीच खुर्ची हाय."

"बस रे."

दोघेही उभेच राहिले. शेवटी वसंतरावांनी मागच्या खिडकीशी, सवलतीच्या पासांच्या टेबलाजवळ एक स्टूल टाकायला लावलं. "काही करायचं नाही. निवांत बसायचं. आराम महत्त्वाचा," असं म्हणून ते अंगावरचं संकट टळल्यासारखे निघून गेले. ड्यूटीच्या तक्त्यावर गौरीशंकरचं नाव सगळ्यात खाली पेन्सिलने लिहिलेलं होतं. बाकीची सगळी शाईत.

कँटीनच्या बसप्पाने चहा आणला. इतरांना काचेच्या पेल्यातून, गौरीशंकरला कागदी कपातून. "डाक्टर लोक सांगत्यात ना अण्णा, स्वच्छता लई पायजे," बसप्पा म्हणाला. ही स्वच्छता नेमकी कुणाच्या सोयीची, हे त्याने सांगितलं नाही, आणि गौरीशंकरनेही विचारलं नाही. ज्या गोष्टीला माणसं भीत होती ती लागणारी नव्हती. पण ते सांगायला जेवढा श्वास लागला असता, तेवढा त्याच्याकडे नव्हता.

आजारपणातून माणूस परत येतो तेव्हा त्याला वाटतं, आपली जागा आपल्या आकाराची रिकामी असेल. ती कधीच नसते. पाणी मिटावं तशी मिटलेली असते. गौरीशंकर खोलीत शिरला की बोलणी थांबत. त्याने वाक्य सुरू केलं की कुणीतरी ते पुरं करी, आणि बहुतेक वेळा चुकीचं. कुणी काम देत नव्हतं. त्याने मागितलं तर "असू द्या अण्णा, आमी हावोत ना" म्हणत आणि ते खरंच असत. दुपारनंतर पायांतली ताकद जाई. पूर्वी दुहेरी ड्यूटी करून घरी जाताना भाजी घेणारा हा माणूस आता स्टुलावर बसून घामेजून जाई, आणि आपण घामेजलोय हे कुणाला दिसू नये म्हणून आणखी घामेजे.

त्यात वेळापत्रक बदललेलं. त्याला सगळ्या गाड्या पाठ होत्या, पण जुन्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका कुटुंबाने मागच्या खिडकीशी येऊन विचारलं, कळंबची गाडी कुठं लागते? त्याने जुन्या सवयीनं फलाट सांगितला. गाडी आता पलीकडच्या टोकाला लागत होती. ती डोळ्यांदेखत निघून गेली, आणि ते कुटुंब दोन लेकरं आणि पोत्यांसह उभं राहिलं. त्यातल्या कर्त्या माणसाने येऊन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याने मफलर पाहिला, घसा पाहिला आणि म्हणाला, "जाऊ द्या मामा, दुसरी मिळंल." त्या रात्री गौरीशंकरला जेवण गेलं नाही.

शिवी खाण्याच्याही लायकीचे आपण उरलो नाही. हा हिशोब त्याने मनाशी केला आणि तो बरोबर आला.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर कडुनिंबाखाली पाणी प्यायला थांबला. तिथे म्हाळसाबाई फुलं आणि शेंगा विकायची, स्टँड बांधलं तेव्हापासून.

"मास्तर, कुटं गेल्ता म्हणं तुमी? दवाखान्यात?" ती म्हणाली. पुकारणाऱ्याला ती मास्तर म्हणायची.

"होय. लई दिवस."

"आता काय तर. म्या तर रोज ऐकत व्हते तुमाला."

तो हसला. म्हातारीला कुलदीपचा आवाज आपला वाटत असणार. "ते पोरगं बोलतं, बाई."

"त्या पोराचं मला कळतंय की," म्हाळसाबाई पुडी बांधत म्हणाली. "ते नाकात बोलतं. तुमी दिवेलागणीला बोलता."

आठवडा संपता संपता वसंतराव जवळ येऊन बसले. या वेळी हळू आवाजात. विभागाकडून विचारणा होती. गौरीशंकर पुकारायचं काम करू शकतो का? करू शकत असेल तर तक्त्यावर शाईत घ्यायचं. नसेल तर पर्यायी काम, म्हणजे डेपोत, स्टोअरला. नटबोल्ट मोजायचे. कायमचं. "येत्या पुनवेपर्यंत कळवायचंय. गर्दी असते, त्यात बघू, झेपतं का ते. नाही झेपलं तरी कमीपणा काही नाही बरं का."

कमीपणा नाही असं सांगावं लागतं, तिथे तो असतोच.

"आत्ताच बघतो," गौरीशंकर म्हणाला.

भर दुपारी तो काचेजवळच्या खुर्चीवर बसला. कुलदीपने माइक पुढे केला. गौरीशंकरने तो पूर्वीसारखाच वीतभर लांब धरला, छाती भरून घेतली आणि पूर्वीसारखंच एका दमात, "येरमाळामार्गे बार्शीला जाणारी..." एवढं म्हणेपर्यंत वारा संपला. जोर लावला तर घशातून एक चिरका फाटका सूर निघाला आणि स्पीकरने तो साऱ्या स्टँडवर पसरला. फलाटावरची पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत, ते जास्त लागलं. कुलदीपने हळूच माइक घेतला आणि उरलेलं वाक्य पुरं केलं.

गौरीशंकर उठला. जाता जाता त्याने पाहिलं, कुलदीप आणि वसंतराव एकमेकांकडे बघत होते. त्या बघण्यात कीव नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. आतापर्यंत त्याने ज्याला संकोच समजून मनाला लावून घेतलं होतं, तेच. पण हा संकोच नव्हता. ही भीती होती.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"काही नाही," वसंतराव म्हणाले.

"कुलदीप."

पोरगं माइकची वायर बोटाला गुंडाळत राहिलं. "अण्णा... तुमी रजेवर गेलात ना, तवा काही रेकार्ड बिकार्ड करून ठिवलं व्हतं का? मोबाइलवर वगैरे?"

"नाही."

"मंग ठीकाय," कुलदीप म्हणाला, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की अजिबात ठीक नव्हतं.

त्या संध्याकाळी गौरीशंकर ड्यूटी संपूनही घरी गेला नाही. मागच्या स्टुलावर बसून राहिला. ऊन उतरलं. डिझेलचा, भज्यांच्या तेलाचा आणि म्हाळसाबाईच्या झेंडूचा एक मिसळलेला वास स्टँडवर नेहमी असतो, तो गार पडत गेला. वीज गेली, ती त्या वेळेला जातेच. काचेमागचा पंखा थांबला. यंत्राचा तांबडा दिवा विझला. कुलदीपने माइक खाली ठेवला आणि कारण नसताना खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. वसंतरावही फलाटावर काहीतरी बघायला गेले. कँटीनमध्ये बसप्पाने रेडिओ बंद केला.

आणि मग वर, पत्र्याखालच्या त्या मुक्या स्पीकरमधून, तो बोलला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे... तुळजापूरमार्गे सोलापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे..."

खर्जातला, भरलेला, घाई नसलेला.

गौरीशंकरचा हात आपोआप घशाकडे गेला. घसा थंड होता. आतलं काहीही हललं नव्हतं. वर तो आवाज एकेक गाडी सांगत होता, न अडखळता, न धापा टाकता. फलाटावरची माणसं ऐकत होती आणि पिशव्या उचलून चालू लागत होती, कारण वीज नसताना स्पीकर कसा बोलतो असला विचार गाडी पकडायची असलेला माणूस करत नाही. "कळंबला जाणारी गाडी..." आवाजाने फलाट सांगितला. पलीकडच्या टोकाचा. नवा. बरोबर.

सगळ्या गाड्या नव्या वेळेनं होत्या. माणूस रजेवर होता, तेवढ्यात आवाज नवं वेळापत्रक शिकला होता.

गौरीशंकरला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी जे वाटलं ते असं, की रेल्वेतून जाताना आपल्याच गावातलं आपलंच घर दिवे लावलेलं दिसावं, आणि गाडी तिथे थांबू नये.

"किती दिवस झाले?" त्याने परत आलेल्या कुलदीपला विचारलं.

"तुमचं आपरेशन झालं, त्याच आठवड्यापासनं. आमी वायरी काढून ठिवून बघितल्या, अण्णा. तरीबी."

"वर कळवलं नाही?"

"काय म्हणून कळवायचं?" वसंतराव दारातून म्हणाले. "हा विषय कुठल्या शाखेकडे जातो? आणि खरं सांगू का, एकही चूक नाही. कामाला इतका चोख माणूस..." त्यांनी जीभ चावली. पण गौरीशंकरला वाक्याचा शेवट कळला होता. या वेळी त्याचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं नव्हतं, त्याने दुसऱ्याचं केलं होतं.

त्यानंतर तो रोज थांबू लागला. घरी सांगायचा, काम होतं. दिवसभर स्टुलावर बसलेला हा मोडका माणूस दिवेलागणीला तोंड वर करून ऐकत बसे. कधी कधी ओठ हलवून सोबत बोले. त्याला वाटे, नोकरी त्या आवाजाचीच आहे, मी आपला कागदोपत्री.

एका संध्याकाळी त्याने फलाटाच्या शेवटच्या बाकावर एक बाई पाहिली. मांडीवर भाजीची पिशवी, डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. देवळात कीर्तन ऐकतात तशी. ती शामला होती.

बाजार स्टँडच्या उलट्या दिशेला होता.

तो खांबाआड झाला. त्याला आठवलं, आजारपणात रोज संध्याकाळी ती "भाजी घेऊन येते" म्हणून जायची आणि उशिराने यायची. तो पाटीवर खडूने लिहून विचारायचा, एवढा वेळ? ती म्हणायची, गर्दी होती. त्या वेळी तिचा चेहरा निवलेला असायचा आणि त्याला बरं वाटायचं, की चला, हिला बाहेरची हवा लागली.

तो पुढे गेला नाही. जाऊन काय सांगणार होता, आणि कशाने? ती जिच्यासाठी येत होती ती वस्तू त्याच्याजवळ नव्हती. आवाज संपला, शामलाने डोळे उघडले, पदर सावरला आणि निघून गेली. रात्री तिने वांग्याची भाजी वाढली.

"चांगली मिळाली," तो म्हणाला.

"हो. गर्दी होती," ती म्हणाली. आणि दोघे जेवले.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी स्टँड माणसांनी भरलं होतं. तुळजापूरला जाणारे, येरमाळ्याला जाणारे, हळदीकुंकवाचे, परड्यांचे. आई राजा उदो उदो, लेकरांची रडणी, शिट्ट्या. वसंतराव सकाळपासून गौरीशंकरकडे बघायचं टाळत होते. विभागाला जायचा कागद त्यांनी लिहून तयार ठेवला होता हे सगळ्यांना माहीत होतं. डेपोच्या स्टोअरला एक माणूस लागतच होता.

त्या दिवशी वीज गेली नाही. कुलदीप माइकवर बोलत होता, आणि बोलता बोलता अर्ध्यात थांबला. त्याचा आवाज यंत्रातून जातच नव्हता. वर दुसरा बोलत होता.

"...जळकोटला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे..."

"अण्णा," कुलदीप पुटपुटला. "संध्याकाळची जळकोट... ती तर बंद झालीय ना नव्या टायमात? त्यो कधीच चुकत नाय."

गौरीशंकर उभा राहिला. सात नंबरचा फलाट शेवटचा, त्या बाकासमोरचा. तिथे खरंच एक गाडी उभी होती. जुनी लाल. आतले दिवे बंद होते, पण माणसं बसलेली दिसत होती, खिडक्यांतून, ओळीने. समोर पाटी नव्हती. एवढ्या गर्दीतही त्या गाडीकडे कुणी धावत नव्हतं, जागा धरायला कुणी रुमाल टाकत नव्हतं.

"जळकोटच्या बाईंनी..." वर आवाज म्हणाला. तो थोडा खाली आला होता, जवळचा झाला होता. "जिथं असतील तिथून गाडीत येऊन बसावं. आपलं माणूस वाट बघत आहे."

चुकामूक झालेल्यांना बोलवायची ही गौरीशंकरचीच रीत. आधी गाव, मग माणूस, आणि शेवटी 'वाट बघत आहे'. गर्दीत हरवलेली म्हातारी असो की लेकरू, या वाक्याला माणूस यायचंच. तेच वाक्य तीनदा म्हणायचं असा त्याचा नेम होता.

बाकावरून शामला उठली. भाजीची पिशवी तिने तिथेच ठेवली. तिचे डोळे उघडे होते, पण चेहरा मिटलेलाच होता.

गौरीशंकर खिडकीशी धावला आणि ओरडला. म्हणजे ओरडायला गेला. तोंडातून वारा आला. मधे सगळी जत्रा. त्या गर्दीतून सात नंबरपर्यंत पोचायला त्याच्या आत्ताच्या पायांना जो वेळ लागला असता, तो नव्हता.

"जळकोटच्या बाईंनी..." दुसऱ्यांदा.

ती फलाट उतरली.

कुलदीपच्या हातातून त्याने माइक घेतला. जुन्या सवयीने हात लांब जाऊ लागला. मग तो थांबला. त्या डॉक्टरणीने दहादा सांगितलं होतं, तेव्हा कानावरून गेलं होतं. माइक जवळ घ्या, अगदी ओठाला. ताणू नका. जेवढा श्वास आहे तेवढंच बोला, एका वेळी चार शब्द. मोठं करायचं काम यंत्राचं आहे, तुमचं नाही. त्याने माइक ओठाला लावला. जोर लावला नाही. यंत्र उघडं होतं की दुसऱ्याच्याच ताब्यात होतं, ठाऊक नाही.

"शामला."

वाळल्या पानांचा आवाज सबंध स्टँडवर पसरला. गर्दीतले काही जण थांबले.

त्याने श्वास घेतला.

"शामला. मी इथं आहे."

लग्नाला एवढी वर्षं झाली. त्याने तिला चारचौघांत कधी नावाने हाक मारली नव्हती. घरात 'अगं', बाहेर 'आमची मंडळी', आणि आजारपणात तर नुसती टाळी. त्या पिढीत तसंच होतं, त्यात कुणाला काही वाटत नसे. सबंध तालुक्याची माणसं ज्याने नावानिशी पुकारली, त्याने एवढं एकच नाव कधी पुकारलं नव्हतं.

"जळकोटच्या बाईंनी..." वर आवाज म्हणाला, तिसऱ्यांदा, भरून, गोड. त्याच्यापुढे गौरीशंकरचं खरखरणं म्हणजे सतारीपुढे किसणी.

शामलाचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता.

"शामला," गौरीशंकर म्हणाला. "असाच आवाज आहे. आता. एवढाच." श्वास. "ये."

ती तशीच उभी राहिली. मग तिने पाय खाली घेतला. वळली. आणि गर्दीतून वाट काढत, कुणाच्या परडीला धक्का लागला त्याला "माफ करा" म्हणत, ती नियंत्रण कक्षाच्या दिशेने येऊ लागली. तिच्या पाठीमागे ती गाडी सुटली. तिचं इंजिन सुरू झाल्याचं कुणाला ऐकू आलं नाही. फाटकाबाहेर ती डावीकडे वळली, एवढं कुलदीपने पाहिलं.

वरचा आवाज थांबला होता.

शामला काचेसमोर आली. प्रवासी जिथे उभे राहून चौकशी करतात, तिथेच.

"तुम्ही नाव घेतलं माझं," ती म्हणाली.

"हं."

"त्यानं कधी घेतलं नाही. इतके दिवस ऐकते मी. वाटायचं, आज घेईल." तिने डोळे पुसले. "मी तुम्हाला सोडून जात नव्हते हो. तुमच्याकडंच जायला निघाले होते."

"माहीत आहे."

"गाडीत सगळी माणसं अशी बसली होती..." तिने मान किंचित कलती करून दाखवली, ऐकत असल्यासारखी. "कुणाकडंच सामान नव्हतं."

काचेबाहेर गर्दी जमली होती. कुणीतरी मागून ओरडलं, "ओ साहेब, तुळजापूरची कुठं लागती? सांगा की लवकर, घरचं लगीन नंतर बघा."

वसंतराव गौरीशंकरकडे बघत होते. गौरीशंकरने माइक ओठाशी नेला. "तुळजापूर. फलाट दोन." श्वास. "लागली आहे. घाई नको."

माणसं दोन नंबरकडे पळाली. आवाज कसा का असेना, फलाट बरोबर होता. वसंतरावांनी टेबलावरचा कागद चार घड्या करून खिशात घातला आणि नेहमीच्या पट्टीत, म्हणजे जरा खेकसून म्हणाले, "उद्या सकाळची ड्यूटी आहे तुमची. उशीर करू नका." आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांनी त्याला माणसासारखं वागवलं होतं. बसप्पाने चहा आणला. काचेच्या पेल्यातून. त्याने तो इतका पुढे करून दिला की अर्धा सांडला.

त्यानंतर गौरीशंकर पुकारतो. तुटक पुकारतो. आधी आधी प्रवासी कुरकुरत. काही खिडकीशी येऊन "काय म्हणला?" असं विचारत. तो पुन्हा सांगतो. कुलदीप त्याची नक्कल करतो, त्याच्या तोंडावर, आणि गौरीशंकर त्याला शिव्या देतो, त्याही तुटक. दिवेलागणीला वीज जाते तेव्हा स्पीकर मुका असतो. म्हाळसाबाई म्हणते, मास्तर, तुमचा घसा बसला काय? शामला भाजी आता खरंच बाजारातून आणते. कधीमधी रात्री तो झोपेत काहीतरी बरळला, की ती जागी होते आणि आवाज खरखरीत आहे ना, एवढं ऐकून पुन्हा झोपते.

परवा उमरग्याहून आलेला एक चालक सही घ्यायला खिडकीशी आला. मोकळा माणूस, या मार्गावर नवा.

"अण्णा, एक विचारू? जळकोटच्या थांब्यावर स्पीकर कधी बसवला?"

"तिथं स्पीकर नाही," गौरीशंकर म्हणाला. "हायवेचा थांबा आहे. पत्र्याची शेड."

"मंग कोण बोलतंय तिथं? दिवस मावळला की. लई झ्याक आवाज हाय, अंगावर काटा येतो." चालकाने कागद घडी करून खिशात ठेवला. "गाड्या नाय सांगत. नुसतं एका बाईचं नाव घेतंय. शामला, शामला म्हणून. आन् वाट बघतोय म्हणतंय."

गौरीशंकरने पेन खाली ठेवलं. बाहेर सात नंबरवर ऊन उतरत होतं. घरी शामला आता दिवा लावत असेल. त्याने बाटलीतलं पाणी घेतलं, घोट घोट. मग माइक ओठाशी ओढला, कारण लातूरची गाडी लागली होती आणि ती पुकारणं भाग होतं.